बावीस पानं आणि पाऊण तासाचा फोन

नव्या पेठेत आमचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या पावत्या, शाळांचे अहवाल, आणि सोलापूरच म्हटल्यावर मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही. पुस्तकं नंतर आली. आज आम्ही वर्षाला पाच-सहा पुस्तकं काढतो. या प्रवासात छपाई, कागद, वितरण सगळंच शिकावं लागलं, पण सर्वांत उशिरा शिकलो ते लेखकाशी संहितेवर बोलायला.

पहिल्या कादंबरीच्या वेळी आमच्या संपादक ताईंनी अख्खी फाइल तपासून पाठवली. समासात तीनशेवर टिपणं होती. सोबत मी लिहिलं, ‘उद्या फोनवर बोलू.’ लेखकानं फोन घेतला, पण प्रत्येक मुद्द्यावर एकच उत्तर: ‘तुम्ही म्हणाल तसं.’ त्यात भर म्हणजे ताई सांगायच्या ‘पान सत्तेचाळीस’ आणि त्याच्या मोबाइलवर सत्तेचाळीसाव्या पानावर दुसराच मजकूर असायचा. वर्डची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली, तोच फाँट तिथे नसला, की ओळी सरकतात आणि पानं बदलतात. निम्मा वेळ ओळ शोधण्यात गेला. पुढे चार महिने त्याच्याकडून काही आलं नाही. भेटल्यावर म्हणाला, ‘लाल रंग बघून फाइल पुन्हा उघडवलीच नाही.’ चूक आमची होती.

आता आधी एका पानाचं पत्र जातं. ताईंना पुस्तक कशाबद्दल वाटलं, काय पक्कं उभं आहे आणि कुठे अडखळायला झालं, एवढंच त्यात असतं. अडखळण्याच्या जागा तीनच. त्या जागा जिथे दिसतात ती वीस-पंचवीस पानं वेगळी काढून, ओळींना क्रमांक घालून पीडीएफ करतो. पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेला असतो, त्यामुळे दोघांसमोर तेच पान, तीच ओळ. ज्यांना कागद लागतो त्यांना प्रिंट पोचवतो. पानं फोनच्या किमान पाच दिवस आधी जातात, कारण दुखावलेलं मन निवळायला दोन दिवस लागतात आणि खरं वाचन त्यानंतरच होतं.

एका यंत्रमाग कामगाराच्या कादंबरीचं उदाहरण सांगते. फोन आम्ही संक्रांतीच्या आठवड्यात ठरवला होता. गड्ड्याची जत्रा, घरात पाहुणे, त्याला निवांत कोपरा मिळणार कुठून? हे आमच्याच लक्षात यायला हवं होतं. मग त्यालाच वेळ विचारली. पुढच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा, असं ठरलं. ताईंनी निरोप पाठवला:

‘दादा, सोबत बावीस पानं आहेत. चौथ्या प्रकरणाचा शेवट, सहाव्यातलं जेवण आणि नवव्याची सुरुवात. बाकीची संहिता आत्ता उघडू नका. पत्रातल्या तीन प्रश्नांपुढे पटलं, नाही पटलं किंवा कळलं नाही, यातलं एक लिहून ठेवा. रविवारी दहाला मी फोन करते, पाऊण तास धरा.’

मुख्य प्रश्न आईचा होता. चौथ्या प्रकरणापर्यंत ती घरी विड्या वळताना दिसते, मग थेट नवव्यात येते. मधे बाप-लेक जेवतात तिथेही ती नाही. ती वारली की काय, असं ताईंना वाटलं होतं. आईवर एक नवं प्रकरण लिहा, असं सुचवायचं त्यांनी मनात धरलं होतं. पण पत्रात तो उपाय मुद्दाम लिहिला नव्हता, फक्त वाचताना काय झालं ते लिहिलं होतं.

त्यानं त्या प्रश्नापुढे ‘नाही पटलं’ लिहिलं होतं. फोनवर म्हणाला, ‘ताई, ती घरातच आहे. तिच्याकडं कुणी बघत नाही, तेच तर मला सांगायचंय.’ ताई म्हणाल्या, ‘मग तिच्याकडे बघू नका, पण ती ऐकू येऊ दे.’ थोडा वेळ दोघंही गप्प होते. मग त्यानंच सहाव्या प्रकरणातली ओळ शोधली आणि जेवणाच्या मागे पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज घातला. पुढे भिजल्या तेंदूपानांचा वास आला, मांडीवरचं सूप आलं. पाच जागी मिळून दहाएक वाक्यं. नव्या प्रकरणाची गरज उरली नाही.

ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं आम्ही फोनवर काढत नाही, ती मुद्रितशोधनाची कामं. आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ दोनदा ऐकू आलं की ताई थांबतात, उरलेला प्रश्न पुढच्या फोनसाठी ठेवतात. काय ठरलं ते त्याच संध्याकाळी लिहून लेखकाला पाठवतात. त्या दिवशीच्या टिपणात ताईंनी ‘आईचा आवाज वाढवणे’ असं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं: ‘आवाज नाही ताई, कात्रीचा आवाज.’ आम्ही टिपण तसं दुरुस्त केलं.