नारळीकरांचे सहलेखक : मुंबईच्या रकान्यातले हॉईल अखेर सुटले

केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल नारळीकरांच्या मुंबईच्या काळातल्या सहलेखकांत का दिसतात, ही गेल्या नोंदीत अडकलेली गाठ या आठवड्यात सुटली, म्हणून लगेच लिहितो. जयंत नारळीकरांच्या कारकिर्दीचे आपण तीन कालखंड केले होते : केंब्रिज, १९७२ पासून मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आयुका. प्रत्येक कालखंडाला तक्त्यात एक रकाना देऊन त्यात कोण बरोबर होते, हे ठरवायचे होते. त्यासाठी एडीएस या खगोलशास्त्रीय लेखांच्या सूचीवर हा साधा शोध लावला होता :

```
author:"Narlikar, J V" year:1973-1988
```

आद्याक्षरे दोन्ही हवीतच. वर्षांची मर्यादा न घालता नुसते आडनाव दिले, तर वडील विष्णु वासुदेव यांचे वैद्य आणि करमरकर यांच्याबरोबरचे सापेक्षतावादावरचे लेख मिसळतात. शिवाय अतिसंवाहकतेवर काम करणारे बंधू अनंत यांचेही. गूगल स्कॉलर या बाबतीत मला मुळीच विश्वासार्ह वाटत नाही. विकिडेटावर बऱ्याच लेखांत सहलेखकाचे नाव केवळ अक्षरमालिका म्हणून टाकलेले असते, त्यामुळे त्या नावाचा माणसाशी दुवा जुळत नाही.

खरी अडचण हॉईल यांची होती. ते १९७२ मध्ये केंब्रिजमधून राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्याच वर्षी नारळीकर मुंबईला आले. तरीही मुंबईच्या रकान्यात हॉईल ठाण मांडून बसले होते. लेखकांच्या गाळणीतून एकेक नोंद उघडल्यावर कारण दिसले. दूरस्थ क्रियेवरचे दोघांचे पुस्तक १९७४ मध्ये आणि भौतिकी-खगोलशास्त्राच्या सीमारेषेवरचे १९८० मध्ये छापले गेले. पुस्तकावरचे वर्ष प्रकाशकाचे असते. एकत्र काम कधी झाले, हे ते सांगत नाही. पहिल्या पुस्तकातला बराचसा विचार साठीच्या दशकातल्या लेखांमध्ये आधीच मांडलेला आहे.

म्हणून शोधाला `property:refereed` जोडले, म्हणजे समीक्षकांनी तपासलेले लेखच उरतात. पुस्तके गळली आणि चित्र पालटले, पण परिषदांचे वृत्तांतही गळाले. तरुण सहकाऱ्यांची नावे बहुधा तिथेच प्रथम येतात, तेव्हा हा उपाय केवळ तपासणीपुरता ठेवला आहे. कायमचा उपाय असा : तक्त्यात छपाईचे वर्ष आणि कामाचे वर्ष असे दोन रकाने करायचे, आणि दुसरा रकाना लेखाच्या पहिल्या पानावरचा पत्ता व लेख मिळाल्याची तारीख पाहून भरायचा. मूळ पान पाहिल्याखेरीज हे जमत नाही, कारण जुन्या लेखांच्या नोंदींत पत्ता पुष्कळदा कोराच असतो. पानांच्या प्रती पुरवणाऱ्या एका सेवेने मात्र पहिले पानच वगळून बाकीची पाने पाठवली, म्हणजे नेमके जे हवे तेच गेले.

याच रीतीने उलट टोकाचा घोळही मिटला. हॉईल यांचे निधन ऑगस्ट २००१ मध्ये झाले. तरी २००३ च्या दोन लेखांवर त्यांचे नाव आहे. त्यांपैकी एक लेख वातावरणाच्या वरच्या थरातील सूक्ष्मजीव शोधणाऱ्या फुग्याच्या प्रयोगावर आहे. तो फुगा हैदराबादहून जानेवारी २००१ मध्ये सोडला होता, म्हणजे नाव योग्य जागी आहे आणि उशीर छपाईचा आहे. दुसरा लेख सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवरचा असून त्यात विश्वकर्मा, हाजियन, सौरदीप आणि बर्बिज आहेत. हा आयुकाचाच गट म्हणायला हरकत नाही, जरी बर्बिज कॅलिफोर्नियातले होते.

हॉईल बाजूला काढल्यावर मुंबईचा रकाना स्वतःच्या चेहऱ्याने दिसू लागला, आणि या साऱ्या खटाटोपातला सर्वांत मोठा आनंद तोच. १९७४ मध्ये श्वेतविवरांवर 'नेचर'मध्ये अप्पाराव आणि दधीच. १९७९ मध्ये प्रकाशाहून वेगवान भासणाऱ्या रेडिओ घटकांवर चित्रे. १९८० मध्ये क्वेसारांच्या विसंगत ताम्रसृतीवर दास. पुढे पद्मनाभन, ज्यांच्याबरोबरचे पुस्तक १९८६ चे. अप्पारावांचे आडनाव कुठे एका शब्दात, कुठे दोन शब्दांत छापलेले आहे, म्हणून गाळणीत त्यांची दोन माणसे होतात. दोन्ही जोडून घ्या.

लिहिता लिहिता एक लक्षात आले. विक्रमसिंघे १९६७ च्या 'नेचर'मधल्या लेखात आहेत, मग १९९० च्या आर्प, बर्बिज आणि हॉईल यांच्या लेखात, आणि नंतर फुग्याच्या प्रयोगात. अशी माणसे तिन्ही रकान्यांत चिरडून बसवण्यापेक्षा प्रत्येक सहलेखकाची स्वतंत्र रेघ काढावी. जिथे लेख आहे तिथे ठिपका, मध्ये मोकळी जागा. हॉईल यांच्या रेघेत १९७२ नंतर मोठी पोकळी पडेल आणि १९९० पासून ती पुन्हा भरेल. अर्धस्थिर स्थिती विश्वाचा १९९३ चा लेख त्यातच येतो. तेव्हा केंब्रिजचा रकाना पूर्ण करण्याचे काम सध्या थांबवतो. त्यात फॉकनर यांच्याबरोबरचा १९६४ चा लेख तेवढा नोंदवला आहे. आधी रेघांचा तक्ता बनवतो. ठिपक्यांसाठी पत्ता असलेली पहिली पाने ज्यांच्याजवळ असतील, त्यांनी छायाचित्र काढताना पानाचा खालचा काठही घ्यावा, मिळाल्याची तारीख कधीकधी तिथे असते.