निरोपाच्या भाषणात मी एकाच स्लॅबची गोष्ट सांगितली

३१ मे रोजी मी निवृत्त झालो. नवतपा सुरू होता, ऑफिसमधले दोन्ही कूलर लावूनही हॉलमध्ये बसवत नव्हतं. इमारतींच्या बांधकामात काँक्रीटचा दर्जा तपासणं हेच मी आयुष्यभर केलं. निरोपाला चार शब्द बोला, असं पोरांनी आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिल्या रात्री तीन पानं लिहिली. सौ.ने वाचली आणि म्हणाली, "अहो, हे कुणाच्याही निरोपात चालेल. ती मे महिन्यातली गोष्ट सांगा ना, ज्यानं तुम्ही चार रात्री झोपला नव्हता." त्या गोष्टीला मी इतकी वर्षं हात लावला नव्हता. जुनी डायरी काढली, पानावर सगळं होतं.

भाषणात सांगितलं ते असं. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. नागपुरात मेमध्ये दुपारी स्लॅब ओतायचा नाही, पहाटे किंवा रात्री ओतायचा, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी काम दुपारवर ढकललं गेलं. पहिल्या दोन गाड्या ठीक आल्या. तिसरी गाडी, ६ घनमीटरची, रस्त्यात अडकून दोन तासांनी पोचली. निघताना तिचा स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा ढीग किती खचतो ते माप, १२० मिलिमीटर होता, साइटवर ६० भरला. काँक्रीट पंपात जाईना.

फोरमनने पाण्याचं २०० लिटरचं पिंप गाडीच्या ड्रममध्ये रिकामं केलं. मी चार पावलांवर उभा होतो. त्याचे केस पिकलेले, मी नवा. गप्प राहिलो.

हिशेब नंतर मांडला. घनमीटरला ३४० किलो सिमेंट, १६० लिटर पाणी, म्हणजे पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.४७. त्यात ३३ लिटर वाढले की ते ०.५७ वर जातं. जास्तीचं पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. ते उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवून जातं.

खरं मला खाल्लं ते पुढचं. त्या गाडीचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, मी पाणी घालायच्या आधी भरले होते. २८ दिवसांनी तेच क्यूब प्रयोगशाळेत उत्तम पास झाले. काम एम-२५ चं, म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीचं, आणि क्यूब सगळे ३० च्या वर. माझ्या सहीचा कागद सांगत होता, स्लॅब मजबूत आहे. क्यूब ज्या काँक्रीटचे होते ते काँक्रीट स्लॅबमध्ये नव्हतंच.

स्लॅबने मात्र लपवलं नाही. ओतल्याच्या संध्याकाळी वरती जाळीसारख्या भेगा दिसल्या होत्या, कोरड्या वाऱ्याने पृष्ठभागाचं पाणी ओढून घेतलं होतं. आळी बांधून पाणी साठवायला दुसरा दिवस उजाडला, आणि चार दिवसांत तेही थांबलं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात किमान दहा दिवस हवं. महिन्याभराने खिळ्याने ओरखडलं तर पांढरी भुकटी निघायची. शेजारच्या, दुसऱ्या गाडीच्या भागावर तोच खिळा नुसता घसरायचा.

तेव्हा मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, पाणी घातलेलं मी पाहिलं आहे, कोअर काढा, म्हणजे स्लॅबमधूनच गोल तुकडे कापून तपासा. तीन कोअर निघाले: १९.२, १७.४, २०.१. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी, म्हणजे २१.२५, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली, म्हणजे १८.७५ खाली, नको. सरासरी १८.९ आली. दोन्ही कसोट्यांत नापास. त्या गाडीचा भाग, पन्नासेक चौरस मीटर, फोडून पुन्हा ओतला. फोडणाऱ्या मजुरांजवळ मी दोन दिवस उभा राहिलो.

इथवर आल्यावर माझा आवाज बसला. पाणी प्यायलो. टाळ्या झाल्या नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. जॉइन होऊन वर्षही झालं नसेल. "सर, गाडी परत पाठवायची म्हटलं तर वरून फोन येतो. मग करायचं काय?"

शाल बाजूला ठेवली आणि फळ्याकडे गेलो. आधी चलनावर प्लँटवरून निघाल्याची वेळ, साइटवर पोचल्याची वेळ आणि स्लंप लिही. प्लँटच्या माणसाला बोलाव. मिश्रणाच्या डिझाइनमध्ये बसत असेल तर केमिकलचा जादा डोस त्याने द्यावा, ड्रम फिरवून पुन्हा स्लंप घ्यावा. सुधारला तर क्यूब त्या नंतरच्या काँक्रीटचे, पंपाच्या तोंडाशी भर. नाही सुधारला, किंवा काँक्रीट धरायला लागलं असेल, तर चलनावर 'नाकारली' लिही, कारण लिही, सही कर आणि फोनवाल्याला त्याचा फोटो पाठव. तोंडी नकार दाबता येतो, सहीचा कागद दाबायला दुसऱ्याला स्वतः सही करावी लागते.

ती वहीत उतरवत होती. "आणि सर, पाणी आधीच घालून टाकलं असेल तर?"

"तर तेही लिही," मी म्हटलं, "किती पिंपं, ते मोजून. आणि तो भाग नकाशावर खडूने नाही, पेनाने खूण कर."