काठ उलटून पाहिला, पदर नाही

येवल्यात पैठणीच्या दुकानात बसून साडी विकण्याइतकंच आणखी एक काम करावं लागतं, ते म्हणजे दुसरीकडून घेतलेली साडी तपासून देणं. लग्नसराई संपली की ही गिऱ्हाइकं येऊ लागतात. साडी आहेरात आलेली असते, कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, आणि घरात त्यावरून धुसफूस चाललेली असते. त्या दिवशी आलेल्या सासू-सुनेची केस मात्र मनात राहिली, कारण त्यात साडीचा दोष नव्हता आणि बोलणाऱ्या बाईंनी जे पाहिलं तेही खोटं नव्हतं.

साडी वांगी रंगाची होती, काठ मुनियांचा म्हणजे लहान पोपटांचा, पदरावर चार बांगडी-मोर. सुनेच्या आईने ती विहिणीला मानाची म्हणून नेसवायला दिली होती. नंतरच्या हळदीकुंकवाला सासूबाईंच्या जाऊबाईंनी घडी हातात घेतली, काठ उलटा केला, मागे सुटे धागे पाहिले आणि चारचौघींत म्हणाल्या, "सेमी आहे गं ही." झालं. सेमी म्हणजे यंत्रमागावरची नक्कल, दोन-चार हजारांत मिळणारी. आईने साडीला 26,500 रुपये मोजले होते. सून गप्प बसून होती. सासूबाई म्हणाल्या, "काका, खरं काय ते सांगा. विहीणबाईंना मी काही विचारणार नाही, पण मला स्वतःला कळलं पाहिजे."

साडी तपासायची ती नेहमी दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली कुठलीही जर चांगली दिसते. दाराजवळच्या टेबलावर पांढरं कापड घालून मी पदर पूर्ण उघडला, आणि आधी पदराची मागची बाजू वर केली.

अस्सल पैठणीचं मर्म या मागच्या बाजूतच आहे. पारंपरिक पदरावरची नक्षी कापडावर चढवलेली नसते, कापडच नक्षीचं बनलेलं असतं. विणकर प्रत्येक रंगासाठी बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याची वेगळी लहान कांडी वापरतो. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्याच्या कडेपर्यंत जातो, तिथे शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. कुठलाच धागा आपली हद्द ओलांडून पुढे जात नाही, त्यामुळे मागे लोंबायला काही उरतच नाही. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. या साडीचा पदर तसाच होता. पाठीवरून बोट फिरवलं तर कुठे अडखळत नव्हतं, फक्त रंग जिथे संपतो तिथे एखादी बारीक गाठ लागायची.

मग भिंग लावून चारही मोर एकेक करून पाहिले. मोराच्या मानेची तिरकी कड हातमागावर कधी सरळ रेषेत येत नाही, ती बारीक पायऱ्यापायऱ्यांनी चढते. शिवाय हाताने विणलेले चार मोर कधीच तंतोतंत एकसारखे नसतात. इथे पहिल्या मोराच्या तुऱ्यापेक्षा चौथ्याचा तुरा दोन धाग्यांनी उंच होता, आणि तिसऱ्याच्या चोचीत लाल धागा एक घर आधी वळला होता. यंत्रमागावर एका मोरात जे असेल तेच चारही मोरांत उतरतं, चुकीसकट. मी सुनेला भिंग दिलं. तिने एकदा पहिला मोर पाहिला, एकदा चौथा, पुन्हा पहिला. त्या दिवशी पहिल्यांदा ती बोलली, "हो, वेगळा आहे."

मग काठाचं काय? जाऊबाईंना दिसलेले धागे खरेच होते. मी काठ उलटला तर मुनियांच्या मागे हिरव्या आणि लाल धाग्यांच्या लांब उड्या स्पष्ट होत्या. इथेच बहुतेकांची गफलत होते. हल्ली येवल्यात ज्याला आम्ही ब्रोकेड काठ म्हणतो, तो हातमागावरच विणतात, पण मागाला वर जकार्ड जोडलेलं असतं. काठाच्या नक्षीसाठी कुठले धागे उचलायचे हे जकार्ड ठरवतं, आणि नक्षीला न लागणारा धागा मागच्या अंगाने मोकळा धावतो. काठ ब्रोकेडचा आणि पदर हाताने भरलेला, अशा साड्या आमच्याकडे रोज विकल्या जातात. यात फसवणूक नाही. साडेपाच मीटर लांबीचा मुनियांचा काठही कांड्यांनीच भरायचा म्हटलं तर महिने लागतात आणि किंमत कुठल्या कुठे जाते. या साडीचा पदर 28 इंचांचा होता. दिवसाला दोन-तीन इंच धरले तरी नुसत्या पदरालाच दीड-दोन आठवडे जातात, आणि बाकीचं अंग धरून माग महिनाभर अडकून राहतो.

तेव्हा "मागे धागे दिसले की सेमी" हा नियम पदरापुरता चालतो, काठाला तो लावता येत नाही. पदराच्या मागे उड्या असतील किंवा त्या कापल्याचे खरखरीत तुरे लागत असतील, तर तो पदर कांड्यांनी भरलेला नाही एवढं नक्की. काठाकडे पाहून तसं काही म्हणता येत नाही. कडेला दिसणाऱ्या बारीक भोकांवरही हातमागाची खूण म्हणून मी विसंबत नाही. पन्हा ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांनी ती पडतात हे खरं, पण यंत्रमागावरही पन्हा ताणून धरावाच लागतो.

रेशीम पाहायला सासूबाईंची परवानगी घेऊन पदराच्या दशीतला एक धागा काढला आणि पेटवला. केस जळल्यासारखा वास आला, आणि उरलेला काळा मणी बोटांत चुरला गेला. पॉलिएस्टर असतं तर वितळून कडक गोळी झाली असती. जर पाहायला जरा जास्त जपावं लागतं. जरीचा धागा उलगडला की आत गाभ्याचा धागा असतो आणि त्याभोवती धातूची चपटी तार गुंडाळलेली असते. खऱ्या जरीत ती तार चांदीची असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांब्याची. दगडावर घासल्यावर लाल दिसलं की तांबं, असं लोक सांगतात, पण खऱ्या जरीचा गाभाही पुष्कळदा लाल रंगवलेल्या रेशमाचा असतो, आणि तार जरा फाटली की तोच लाल डोकावतो. म्हणून आधी तार सोडवून वेगळी करायची आणि मग ती एकटी घासायची. इथे तार तांबूस निघाली. जर टेस्टेड होती, आणि बिलावरही तसंच लिहिलेलं होतं. 26,500 रुपयांत हातमागाची पैठणी मिळते, पण चांदीच्या जरीची मिळत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मग जाऊबाई असं का म्हणाल्या? त्यांच्या घरात चार पैठण्या आहेत." दुकानात बसून मी याचं उत्तर बरीच वर्षं पाहत आलोय, म्हणून त्यांना स्पष्ट सांगितलं. आहेराची किंमत कुणी कुणाला विचारू शकत नाही, ते वाईट दिसतं. पण देणाऱ्याने घेणाऱ्याला केवढ्याचा मान दिला हे तर सगळ्यांनाच कळून घ्यायचं असतं. मग किंमत कापडावरून वाचली जाते. आणि ज्याला हे कापड वाचता येतं, त्याचा स्वतःचाच मान वाढतो. "मला कळतं" हे चारचौघींत दाखवायला दुसऱ्याची साडी उलटण्याइतकी सोपी जागा दुसरी नाही.

पूर्वी हे एवढं धारदार नव्हतं. पैठणी नेसणारी घरं मोजकीच होती, आणि साडी अंगावर दिसली की बात संपली. पुढे टीव्हीवरच्या खेळात जिंकलेल्या वहिनीला पैठणी मिळू लागली, यंत्रमागाने तोच मोर दोन हजारांत आणला, आणि नुसतं पैठणी असणं कुणाला वेगळं दाखवेनासं झालं. तेव्हापासून वेगळेपणाच्या खुणा बारीक होत गेल्या. आता दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं सरळ ओळखू येतात. एकीला मोठा काठ, भरगच्च मोर आणि लांबून चमकणारी जर हवी असते, कारण साडी लग्नाच्या हॉलच्या शेवटच्या खुर्चीवरून ओळखली गेली पाहिजे. दुसरी म्हणते, "मोर नको, नारळी काठ दाखवा, चंद्रकळा आहे का?" तिची साडी लांबून साधी दिसते. ज्याला कळतं त्यालाच ती कळावी, असा तिचा हिशोब. ही दुसरी पहिलीच्या साडीला भडक म्हणते, पहिली दुसरीच्या साडीला फिकी म्हणते, आणि बहुतेकदा दोघींच्या साड्या एकाच गल्लीतल्या मागांवर विणलेल्या असतात. यात एक रुची वरची आणि दुसरी खालची असं मला वाटत नाही. घरात पैठणी पहिल्यांदा येत असेल तर ती सगळ्यांना दिसावी असं वाटण्यात कमीपणा कसला?

सर्वांत वरचढ ठरते ती आजीची साडी, कारण ती पैसे देऊन घेता येत नाही. चांदीच्या जरीवरचा मुलामा झिजून ती पांढुरकी किंवा काळपट झालेली असते, आणि तो काळपटपणाच आता मिरवला जातो. पण ज्या घरांना पैशाची निकड होती, त्यांनी आजीच्या जरीच्या साड्या केव्हाच विकल्या. जर जाळून आतली चांदी काढून घेतली जायची. तेव्हा कुणाच्या कपाटात जुनी साडी नसली, तर ती त्या घराची अभिरुची नव्हे, कधीतरी आलेली अडचण असते. जुन्या साडीवरून लोकांना जोखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काठाचे धागे मग असेच दिसत राहणार?" मी म्हटलं, नाही, फॉल लावला की खालचा काठ आतून झाकला जातो. नवी, बिनफॉलची घडी हातात आली म्हणून जाऊबाईंना तो उघडा दिसला. फॉल सुतीच घ्या, आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि काठ ओढला जाऊन चुण्या पडतात. टाके लांब आणि सैल घाला. वरचा काठ आणि पदर मोकळे ठेवा.

सून घडी घालायला लागली. पदर आत जाईल अशी घडी तिने घातली, तेव्हा सासूबाईंनी हात धरला. "अशी नको. पदराची मागची बाजू वर येऊ दे. पुढच्या रविवारी जाऊबाईंकडे सत्यनारायण आहे."