तक्ता उभा वाचल्यावर

आज बडोद्याच्या हंसा मेहता ग्रंथालयात बसून मी माझ्या प्रबंधातील पूर्वसंशोधनाचा आढावा पुन्हा लिहिला. विषय आहे गुजरातेतील घरांत टिकलेली मराठी. जुन्या मसुद्यात प्रत्येक परिच्छेद संशोधकाच्या नावाने सुरू होई, म्हणून 18 अभ्यास केवळ ओळीने उभे होते. आज तक्ता आखला, आडव्या ओळीत अभ्यास व उभ्या रकान्यांत प्रश्न, आणि तो उभा वाचला. ‘मुले घरी मराठी बोलतात का?’ या रकान्यात उत्तरे परस्परविरोधी निघाली. शेजारी पद्धतीचा रकाना ठेवताच उलगडा झाला: ‘हो’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी पालकांना प्रश्नावली दिली होती, तर ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी जेवणाच्या वेळचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. नवा परिच्छेद या मतभेदापासूनच सुरू होतो. पद्धतीच्या या उलगड्यात न बसणारे दोन अभ्यासही मी तसेच नोंदवले आहेत.