पिवळ्यात पिवळं

झेंडू म्हटला की आपल्याला दसराच आठवतो. त्यामुळे माघातल्या वसंत पंचमीला शेजारच्या बंगाली काकूंकडे पाच किलो झेंडू येऊन पडतो, तेव्हा आमच्या मजल्यावर दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "आज काय विशेष?" आपल्याकडे त्या दिवशी पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं आणि तिथून रंगपंचमीपर्यंत पांडुरंगाच्या अंगावर पांढरा पोशाख असतो. काकूंच्या घरी मात्र सरस्वती येते आणि अख्खा हॉल पिवळा होतो.

हॉल पिवळा करणं वाटतं तितकं सोपं नाही. लाल-हिरवं एकत्र आलं तर जमून जातं, पण पिवळ्याशेजारी दुसरं पिवळं ठेवलं की दोघांतलं एक मळकं दिसायला लागतं. काकूंचा नियम असा की खोलीत मोठं पिवळं एकच हवं, बाकीच्यांनी अंग चोरून बसायचं. त्यांचं मोठं पिवळं म्हणजे मूर्तीमागचा पडदा. पांढरं सुती मलमल त्या आदल्या दिवशी घरीच रंगवतात. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढायची, कारण खळ राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी धरतो. मग तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, त्यानंतर हळदीच्या कोमट पाण्यात, आणि वाळवायचं सावलीत. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. खिडकीशी टांगलेल्या भागावर दुपारपर्यंत फिका पट्टा उमटतो, म्हणून पडदा आतल्या भिंतीवर.

यंदा पडद्याला कुणाचा तरी साबणाचा हात लागला आणि तिथे लालसर डाग पडला. मी हळहळले, काकूंनी शांतपणे त्यावर लिंबू चोळलं. डाग पुन्हा पिवळा! हळद अल्कलीत लाल होते, आंबटात परत पिवळी. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या आपल्या लोकांना खरं तर हे नव्याने सांगायला नको.

झेंडू त्या केशरीच घेतात. पिवळा झेंडू पिवळ्या पडद्यावर हरवतो, केशरी उठून दिसतो. फुलं आदल्या संध्याकाळी आणून वर्तमानपत्रावर मोकळी पसरायची. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर घाम धरतात आणि सकाळी देठाशी काळी, बुळबुळीत निघतात. ताजी दिसावीत म्हणून पाणी शिंपडायचा मोह होतो, तोही टाळायचा, कारण ओला हार भिंतीला टेकला की त्याचा डाग नवा रंग दिल्याशिवाय जात नाही. सुई हिरव्या देठाच्या कपातून घातली तर फूल टिकतं, पाकळ्यांतून घातली तर संध्याकाळपर्यंत खाली पाकळ्यांचा सडा.

मोहरीचं मात्र मला नवल वाटलं. बाजारात मस्टर्ड म्हणून उशांचे अभ्रे मिळतात, ते वाटलेल्या मोहरीच्या रंगाचे, तपकिरीकडे झुकलेले. मोहरीचं फूल तसं नसतंच, ते पिकल्या लिंबाच्या रंगाचं असतं. आपण मोहरी ओळखतो ती फोडणीतली, काळी. काकू दोन्ही वापरतात. गडद अभ्रे खाली बैठकीवर, म्हणजे पडद्याला जमिनीकडून वजन मिळतं. आणि भाजीवाल्याकडची सरसोंची कळ्या असलेली जुडी तांब्यात, पाण्यात. रात्रीतून कळ्या उमलतात, पण दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळतात. तेवढं आयुष्य पूजेला पुरतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध पांढरं. मूर्तीची साडी पांढरी, जमिनीवर तांदळाच्या पिठीची ओली अल्पना पांढरी, दौतीत शाईऐवजी दूध. हे पांढरं नसतं तर हॉल लग्नाच्या हळदीसारखा दिसला असता, असं माझं स्पष्ट मत. पण ट्यूबलाइट लावली की सगळं पिवळं हिरवट, आजारी दिसतं. म्हणून त्या दिवशी पिवळसर उजेडाचे बल्ब.

पळसाचं फूल हवंच असतं, पण यंदा पंचमी २३ जानेवारीलाच आली आणि पळस काही सापडला नाही. २०२४ ला ती १४ फेब्रुवारीला होती, तेव्हा कुठूनतरी दोन फुलं मिळाली होती. पुस्तकं देवीपाशी ठेवलेली, त्यामुळे त्या दिवशी मुलांना अभ्यास बंद. शिवाय पूजा होईपर्यंत न खाल्लेली बोरं आता खायची मोकळीक. मुलांचा देवीवर इतका लोभ का, ते लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशी काकू हार फेकत नाहीत. देठ खुडून पाकळ्या सावलीत वाळवतात आणि डब्यात भरून ठेवतात. पुढच्या वर्षी पडदा झेंडूतच रंगवायचा त्यांचा बेत आहे. तुरटीबरोबर उकळला की झेंडूचा रंग हळदीपेक्षा जास्त ऊन सोसतो. मग पडदा खिडकीपाशीही टांगता येईल. फक्त तो हळदीइतका झळझळीत होणार नाही, आणि काकूंचं अजून तिथेच अडलंय.