काउल गळा: मांजरपाटावरून खाकी कागदावर

काउल गळ्याचं, म्हणजे समोर मऊ घड्यांनी लोंबणाऱ्या गळ्याचं ड्रेपिंग झालं, म्हणजे डमीवर कापड टाचून आकार दिला; आता पॅटर्न कागदावर उतरलाय. कापड म्हणून पातळ मांजरपाट घेतलं, तेही धुऊन. खळ राहिली तर घड्या मऊ पडत नाहीत, कोन करून उभ्या राहतात.

गळा किती खोल हवा ते आधी टेपनेच ठरवलं. डमीच्या दोन्ही खांद्यांवर जिथे गळा सुरू व्हायला हवा तिथे टाचण्या लावल्या आणि मधे टेप हवी तेवढी लोंबकळू दिली. माप आलं ४१ सेंमी. मग ९० सेंमीच्या चौकोनी तुकड्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी रेघ मारली; हाच पुढचा मध्य. वरचा कोपरा २८ सेंमी आत दुमडला. ही दुमड म्हणजेच गळ्याची कड, आणि आतला भाग कापून फेसिंग, म्हणजे गळ्याची आतली पट्टी होते.

कड खांद्यांवर टाचल्यावर तिच्याखालचं कापड उचलून दोन्ही खांद्यांवर एकेक प्लीट घातली. छातीच्या उभारासाठी घालतात त्या डार्टचा सगळा सैलपणा या घड्यांमध्येच जातो. कंबरेपाशी उरेब रेघ डमीच्या मध्यपट्टीवरून सरकली, तर एका खांद्यावर कापड जास्त उचललंय असं समजायचं. छातीपासून बगलेकडे ताणाच्या रेषा दिसल्या, तर अजून उचलायला हवं.

खरं कसब कागदावर उतरवताना लागतं. टाचण्या काढण्याआधी खांदा, मुंढा, बाजू आणि कंबर आखून घेतली. प्लीटच्या दोन्ही कडांवर आणि तिच्या आत लपलेल्या भागावरही पेन्सिल फिरवली. कापड काढल्यावर इस्त्री न सरकवता नुसती दाबली. खाकी कागदावर मध्यरेषा आणि तिला काटकोनात गळ्याची रेषा आखली, वर कापड ठेवलं. उरेब कापड हात लागला तरी ताणतं, म्हणून धाग्याच्या दिशेने आधीच काही रेघा मारून ठेवल्या होत्या. त्या मध्यरेषेशी ४५ अंशांत आहेत ना, हे गुण्याने तपासूनच ट्रेसिंग व्हील चालवलं.

डमीवर खोल लोंबणारा गळा कागदावर चक्क सरळ रेषा असतो, अर्ध्या भागाला २०.५ सेंमी. खांद्याची रेषा मात्र उलगडल्यावर तुटक दिसते. ती कागद सपाट ठेवून जोडायची नाही. कागदावरच प्लीट दुमडायची, तिच्यावरून खांदा सरळ आखायचा आणि दुमडलेलाच कापायचा. मग प्लीटच्या तोंडाशी हवा तो टोकदार आकार आपोआप मिळतो.

दोन्ही बाजूंच्या मुंढ्यांत थोडा फरक निघाला. एकीकडे उभा धागा खांद्याकडे जातो, दुसरीकडे आडवा, आणि दोघांचा ताण सारखा नसतो. दोन्ही मुंढ्यांच्या मधली रेषा धरली.

पुढे हाच पॅटर्न व्हिस्कोस क्रेपवर. क्रेप मांजरपाटापेक्षा जास्त लोंबेल, म्हणून बाजूंना शिवणीची माया ३ सेंमी ठेवणार आहे. कापड दुहेरी न घालता पूर्ण पॅटर्न एकेरीवर मांडेन आणि टॉप रात्रभर टांगून ठेवल्यावरच खालची कड आखेन.