त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लावताना

कृष्णेकाठच्या आमच्या घाटावर त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पणत्या लागतात. नक्षी ठरवणं, वाती वळणं सगळं पटापट होतं. अडतं ते तेलापाशी. पहाटे घाई नको म्हणून संयोजक आदल्या संध्याकाळीच कोऱ्या पणत्यांत तेल ओतायला लावतात. कितीही सांगा, ऐकत नाहीत. कोरी पणती रात्रभर तेल पिते. पहाटे पाहावं तर तेल तळाला गेलेलं, पणतीखाली दगडावर काळपट गोल डाग आणि पायरी निसरडी. वात काजळी धरते, पहिल्या आरतीआधीच ओळीत खिंडारं पडतात. मग सगळे वाऱ्याला दोष देतात! मला याचा अजून राग येतो.

शेवटी यंदा एका बाजूच्या पायऱ्या मी मागूनच घेतल्या. पणत्या आदल्या रात्री पाण्यात बुडवल्या. बुडबुडे थांबले की मातीची छिद्रं भरली असं समजायचं. मग पालथ्या घालून वरचं पाणी निथळू द्यायचं आणि आतून फडक्याने कोरड्या पुसायच्या. आत पाणी राहिलं तर वात तडतडते. तेल पणत्या पेटवायच्या वेळीच, चोचीच्या किटलीने ओतायचं. लहान पणतीला तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ मिली. काठाखाली बोटभर जागा सोडायची. बारीक वात असेल तर एवढ्यावर दोनेक तास निघतात. यंदा माझ्या ओळी उजाडेपर्यंत अखंड होत्या, आणि ते मी सगळ्यांना दाखवलं.

वात सात-आठ सेंटिमीटर लांब, आधी तेलात भिजवलेली. चोचीबाहेर टोक अर्धा सेंटिमीटरच. जास्त काढलं की धूर, कमी ठेवलं की ज्योत बुडते.

आता अंतर. खालून पाहणाऱ्याला पायरीची रुंदी फारशी दिसत नाही, उंचीच दिसते. म्हणून आडवं अंतर पायरीच्या उंचीशी जुळवायचं. आमची पायरी १६ सेंटिमीटर उंच. तेरा पायऱ्यांवर शंकरपाळीचा आकार काढला: खाली एक पणती, मग प्रत्येक पायरीवर दोन, दर पायरीला दोन्हीकडे १६ सेंटिमीटर बाहेर, सातवीनंतर तशाच आत, वर पुन्हा एक. चोवीस पणत्या, ३६० मिली तेल. पायरीच्या रुंदीइतकं, ३० सेंटिमीटर अंतर धरलं असतं, तर शंकरपाळी आडवी पसरट दिसली असती. पणती कडेपासून चार बोटं आतच ठेवा. फार मागे गेली तर वरच्या पायऱ्यांवरची खालून दिसत नाही.

पेटवताना वरून खाली यायचं, म्हणजे पेटत्या ओळीवरून पदर किंवा धोतर जात नाही. आणि खोबरेल वापरू नका; कार्तिकातल्या पहाटेच्या गारठ्यात ते थिजतं आणि वातीला चढतच नाही.